‘पायावरून गाडी गेली, पैसे काढा’: बनावट धडकेत सापडलात तर काय करायचं

माझे मामा ६७ वर्षांचे आहेत. चाळीस वर्षं गाडी चालवतात आणि त्यांच्या पॉलिसीवर आजवर एकही दावा नाही. दोन वर्षांपूर्वी एका मंगळवारी, सकाळी साडेअकराच्या सुमाराला, ते वारज्याच्या सर्व्हिस रोडने एकटेच घरी निघाले होते. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती. डावीकडे मागच्या बाजूला ‘धप्’ असा आवाज झाला, म्हणून त्यांनी आरशात पाहिलं. तोवर काळ्या मोटारसायकलवरची दोन पोरं हात हलवत पुढे आली आणि त्यांनी गाडी आडवी घातली.

“काका, दिसत नाही का? याच्या पायावरून चाक घातलंत तुम्ही!”

मागे बसलेला पोरगा खाली उतरून लंगडत होता. मामा घाबरून गाडी बंद करून बाहेर आले. दोनच मिनिटांत स्कूटरवरून तिसरा आला. त्याने आधी त्या पोरांनाच दटावलं, मग मामांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “वयस्कर माणूस आहे, पोलीस-बिलीस नको. एक्स-रे आणि औषधाचं देऊन टाका, विषय संपवा.” पंधरा हजारांपासून सुरुवात झाली आणि दहावर मांडवली झाली. मामांच्या खिशात चार हजार होते. उरलेले सहा काढायला ते त्या तिसऱ्या माणसाला स्वतःच्या गाडीत शेजारी बसवून एटीएमला घेऊन गेले. संपूर्ण प्रकाराला वीस-पंचवीस मिनिटं लागली.

मी मोटार विम्याचा सर्व्हेअर आहे. धडकेनंतरच्या गाड्या बघणं हा माझा रोजचा धंदा. संध्याकाळी मामांनी मला बोलावलं ते “गाडीला काही झालंय का बघ” एवढ्याचसाठी. मागच्या डाव्या दारावर धूळ होती आणि त्या धुळीत, खिडकीच्या काचेच्या जरा खाली, पसरलेल्या पंजाचा ठसा होता. चार बोटं स्पष्ट दिसत होती. ओरखडा कुठेही नव्हता, पत्रा दबला नव्हता. टायरच्या भिंतीवरची आणि रिमवरची वाळलेली धूळ जशीच्या तशी होती. चालत्या मोटारसायकलवरून त्या पोराने दारावर हात आपटला होता. मामांनी ऐकलेला ‘धप्’ तो एवढाच.

मामांना दहा हजारांपेक्षा एका गोष्टीचा त्रास जास्त झाला. त्या दुपारभर त्यांना वाटत होतं की आपण कोणाचा तरी पाय मोडला. आठवडाभर त्यांनी गाडीला हात लावला नाही. हा लेख मी त्यांच्यासारख्या माणसांसाठी लिहितोय. आपल्याकडून कोणाला लागलं असेल या नुसत्या विचाराने ज्यांचे हातपाय गळतात, नेमकी तीच माणसं हे लोक निवडतात.

हा डाव चालतो कसा

तपशील शहरागणिक बदलतो, सांगाडा तोच राहतो. गाडी बहुधा डाव्या बाजूने आणि मागून ‘लागते’, कारण चालक उजवीकडे बसतो आणि मागचा डावा कोपरा त्याला सगळ्यात कमी दिसतो. गाडी हळू चाललेली असते: सिग्नलजवळ, वळणावर, गर्दीच्या सर्व्हिस रोडवर. वेगात असलेल्या गाडीला हात लावणं त्यांच्याही जिवावरचं असतं. चालक एकटा असतो, वयस्कर असतो, किंवा सोबत लहान मुलं घेऊन निघालेली बाई असते. बाहेरगावच्या पासिंगची गाडीही त्यांना सोयीची, कारण अनोळखी शहरात पोलिसांच्या भानगडीत पडायला कोणी तयार नसतं.

मग नुकसान दाखवलं जातं. पायावरून चाक गेलं, आरसा तुटला, हातातला मोबाईल पडून फुटला, चष्मा फुटला. काही वेळा चारचाकीच पुढे घुसून अचानक ब्रेक मारते आणि तुम्ही मागून धडकलात असं होतं. प्रकार कुठलाही असो, दोन गोष्टी सापडतातच. एक म्हणजे घाई: आत्ता, इथेच, रोख. आणि दुसरी म्हणजे तो मधे पडणारा समंजस माणूस. ओरडणारा तुम्हाला घाबरवतो आणि हा त्या भीतीतून बाहेर पडायची वाट दाखवतो. ती वाट तुमच्या पाकिटातून जाते. मामा आजही म्हणतात, “तो तिसरा चांगला होता रे, त्यानेच कमी करून दिले.”

खरं की खोटं हे रस्त्यावर ठरवायला जाऊ नका

इथे बहुतेक जण चुकतात, म्हणून याबद्दल जरा सविस्तर सांगतो. गाडी लागली असं कोणी म्हणालं की आपलं सगळं डोकं ‘हा खरं बोलतोय का?’ या प्रश्नात अडकतं. खरं वाटलं तर आपण पैसे काढतो, खोटं वाटलं तर भांडायला उतरतो. दोन्हीत तोटाच आहे. भांडायला उतरलेला माणूस तिघांच्या मध्ये सापडतो. आणि खरोखर जखमी झालेल्या माणसाला ‘तुझं नाटक आहे’ म्हणून निघून गेलो, तर तो गुन्हा होतो आणि माणुसकीलाही धरून होत नाही. रोज कितीतरी दुचाकीस्वारांना गाड्यांचा खरा धक्का लागतो. पार्सल पोचवणाऱ्या पोरांना तर जास्तच. गाडी लागली म्हणणाऱ्या प्रत्येकाला लुटारू समजणं हा अन्याय आहे.

सुदैवाने तो प्रश्न तिथे सोडवायची गरजच नसते. खऱ्या अपघातात जे करायचं, तेच बनावट अपघातातही करायचं: जखमीसाठी रुग्णवाहिका, घटनेसाठी पोलीस, नुकसानीसाठी विमा. खऱ्या जखमीला या तिन्ही गोष्टी हव्याच असतात. डाव टाकणाऱ्याला या तिन्हींपैकी एकही परवडत नाही. त्यामुळे पारख करायचं काम ती कृतीच करते, तुम्हाला कोणावर आरोप करावा लागत नाही.

आवाज झाल्यापासूनची पहिली दोन मिनिटं

आधी आरशात बघा. कोणी रस्त्यावर पडलं आहे का? पडलं असेल तर थांबा. इथे दुसरा विचार नाही. गाडी कडेला घ्या, चारही इंडिकेटर लावा, १०८ वर रुग्णवाहिकेला आणि ११२ वर पोलिसांना फोन करा आणि जखमीला मदत मिळेल हे पाहा.

कोणी पडलेलं नाही, उलट ‘जखमी’ माणूस मोटारसायकलवर बसून तुमच्या बरोबरीने येत खिडकी वाजवतोय, तर जिथे आहात तिथेच थांबायचं बंधन नाही. जागा निर्जन असेल तर थांबूच नका. चारही इंडिकेटर लावा, हाताने पुढे थांबतो अशी खूण करा आणि वेग न वाढवता माणसांच्या वर्दळीच्या जागी जा. पेट्रोल पंप मला सगळ्यात चांगला वाटतो, कारण तिथे कॅमेरे असतात, कर्मचारी असतात आणि बाहेर पडायला मोकळी वाट असते. टोलनाका, पोलीस चौकी, मोठ्या रुग्णालयाचं गेटही चालेल. चालत्या गाडीतूनच, स्पीकरवर किंवा शेजारी बसलेल्याकडून, ११२ लावून घ्या. वेग वाढवून पळायचं मात्र नाही. पळताना खरा अपघात होतो, आणि ‘धडक देऊन पळून गेला’ ही गोष्ट त्यांना आयती मिळते. तुम्ही फोनवर पोलिसांना आधीच सांगितलेलं असेल, तर तसं म्हणणं त्यांना जड जातं.

त्यांनी गाडी आडवी घातली आणि थांबावंच लागलं, तर इंजिन चालू ठेवा. याचं कारण बऱ्याच जणांना माहीत नसतं: अनेक गाड्यांमध्ये इंजिन बंद केलं किंवा किल्ली काढली की दारांचं लॉक आपोआप उघडतं. ऑटोमॅटिक गाड्यांपैकी काहींमध्ये गिअर ‘पार्क’ला नेला तरी उघडतं. तुमच्या गाडीत काय होतं ते आज घरासमोरच करून बघा. सेंट्रल लॉकचं बटण स्वतः दाबा, काचा वर घ्या आणि बोलण्यापुरती दोन बोटं फट ठेवा. पुढच्या गाडीमागे थांबताना तिची मागची चाकं दिसतील इतकं अंतर ठेवायची सवय लावून घ्या, म्हणजे वेळ पडली तर मागे न येता बाजूने निघता येतं.

बाहेर उतरू नका. मामा उतरले आणि तिथेच सगळं हातातून गेलं. माणूस बाहेर आला की गाडीची किल्ली कोणीतरी काढून घेतो आणि मग सुटका त्यांच्या मर्जीवर राहते. रस्त्यावरच्या कोणाही खासगी माणसाला तुमची किल्ली, लायसन्स किंवा गाडीची कागदपत्रं काढून घेण्याचा अधिकार नाही. बोलताना फटीतून कागद बाहेर देऊ नका. फोनही देऊ नका, ‘एक कॉल करायचाय’ म्हणाला तरी.

काय बोलायचं

एकच वाक्य ठरवून ठेवा आणि तेच शांतपणे परत परत म्हणा. मी घरी सगळ्यांना हे शिकवलंय: “दादा, लागलं असेल तर रुग्णवाहिका बोलावतो. पोलिसांना फोन लावलाय, ते आले की जे ठरेल ते मी करतो.”

या वाक्यात ‘माझी चूक नाही’ असं म्हटलेलं नाही आणि ‘माझी चूक झाली’ असंही नाही. दोन्ही टाळायचं. चूक नाही म्हटलं की भांडण पेटतं. चूक झाली म्हटलं की त्याचं मोबाईलवर चित्रण होतं. शिवाय विम्याच्या पॉलिसीत एक अट असते, जी फार कमी लोक वाचतात: कंपनीच्या लेखी संमतीशिवाय गाडीमालकाने जबाबदारी कबूल करायची नाही, पैसे देण्याचं वचन द्यायचं नाही आणि परस्पर पैसे द्यायचे नाहीत. म्हणून तुम्ही अगदी खरं सांगू शकता की “पैशाचा विषय विमा कंपनीचा आहे, मला परस्पर देता येत नाही.” खासगी कारच्या थर्ड पार्टी विम्यात दुसऱ्याच्या वाहनाचं किंवा वस्तूचं नुकसान साधारणपणे साडेसात लाखांपर्यंत भरून देता येतं. फुटलेल्या आरशासाठी रस्त्यावर पाच हजार मोजायचं काहीच कारण नाही.

‘दवाखान्याला आत्ताच पैसे लागतील’ हा त्यांचा हुकमी मुद्दा. यालाही उत्तर आहे. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने रस्ते अपघातातल्या जखमींसाठी रोकडरहित उपचारांची योजना अधिसूचित केली. तिच्यात नेमून दिलेल्या रुग्णालयांत अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. १०८ ची रुग्णवाहिका तर फुकटच आहे. खरोखर पाय दुखावलेल्या माणसाला या दोन्ही गोष्टी सांगितल्या की त्याला धीर येतो. समोरचा “रुग्णवाहिका नको, आमचा ओळखीचा डॉक्टर आहे, तुम्ही फक्त पैसे द्या” म्हणत असेल, तर त्याने स्वतःच बरंच काही सांगून टाकलेलं असतं.

११२ वर काय सांगायचं

फोन लागल्यावर माणूस गोष्ट सुरुवातीपासून सांगायला लागतो आणि ठिकाण राहून जातं. उलटं करा. आधी ठिकाण सांगा: रस्त्याचं नाव, जवळची ठळक खूण, कोणत्या दिशेला तोंड करून उभे आहात. महामार्गावर असाल तर कडेच्या दगडावरचा किलोमीटरचा आकडा. मग एका दमात घटना: “दोन माणसांनी मोटारसायकल आडवी लावून माझी गाडी अडवली आहे, धडक दिली म्हणून रोख पैसे मागत आहेत, मी गाडीत एकटी आहे.” मग त्यांच्या गाडीचा नंबर. नंबरप्लेट वाकवलेली असेल, चिखल फासलेला असेल किंवा नसेलच, तर तेही सांगा.

फोन स्पीकरवर ठेवा, म्हणजे पलीकडचा पोलिसांचा आवाज त्यांनाही ऐकू जाईल. माझ्या वहिनीच्या बाबतीत गेल्या वर्षी तिथेच विषय संपला. शाळेतून मुलीला घेऊन येताना सिग्नलच्या अलीकडे असाच ‘धप्’ झाला आणि फुटलेला मोबाईल काचेवर आपटला गेला. तिने काच उघडली नाही. ते ठरलेलं वाक्य म्हटलं आणि ११२ लावला. पलीकडून “मॅडम, लोकेशन सांगा” एवढं ऐकू आल्यावर मोबाईलवाला म्हणाला, “राहू द्या ताई, तुमच्या सोबत लेकरू आहे म्हणून सोडतो,” आणि गेला. ती तशीच पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत गेली, तिथे पोलिसांची वाट पाहिली आणि नंबर लिहून दिला. ते निघून गेले म्हणून फोन कापून घरी जाणं तिने टाळलं, हे मला फार आवडलं. पुढच्या सिग्नलला ते दुसऱ्या कोणाला तरी गाठणारच होते.

घरच्यांना लाईव्ह लोकेशन पाठवा, पण ते ११२ नंतर. पोलिसांच्या आधी नवऱ्याला, मुलाला, भावाला फोन करण्यात पाच मिनिटं जातात आणि ते पोचेपर्यंत व्यवहार आटोपलेला असतो.

गर्दी जमली आणि वातावरण तापलं तर

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम १३४ चालकाची कर्तव्यं सांगतं. जखमीला वैद्यकीय मदत मिळवून द्या आणि पोलिसांना कळवा. पण त्याच कलमात म्हटलंय की जमावाच्या रागामुळे किंवा आपल्या हाताबाहेरच्या कारणामुळे मदत करणं शक्य नसेल तर ते बंधन राहत नाही. घटनास्थळी पोलीस नसतील तर जवळच्या पोलीस ठाण्यात लवकरात लवकर, आणि काहीही झालं तरी २४ तासांच्या आत, माहिती द्यायची असते. विमा कंपनीलाही लेखी कळवायचं असतं.

थोडक्यात, जिवाला धोका दिसत असेल आणि वाट मोकळी असेल तर तिथून निघून थेट पोलीस ठाणं गाठणं हे कायद्याला धरून आहे. घरी जाऊन गाडी झाकून ठेवणं कायद्याला धरून नाही. फरक तुम्ही कुठे गेलात आणि कधी कळवलंत यात आहे, म्हणून ठाण्यात पोचल्याची वेळ नोंदवून घ्या.

आणि वाटच नसेल, काच फोडली असेल, हातात दगड किंवा हत्यार असेल, तर पैसे देऊन टाका. त्या क्षणी हिशेब करू नका. एवढंच पाहा की एटीएमला त्यांच्याबरोबर जायचं नाही, त्यांना गाडीत घ्यायचं नाही आणि त्यांच्या दुचाकीवर बसायचं नाही. खिशात असेल ते द्यायचं. ऑनलाइन पाठवायला लावलं तर पाठवा; रोख पैशाचा माग राहत नाही, पण यूपीआयचा राहतो. ज्या खात्यात गेले त्याचं नाव, आयडी आणि व्यवहार क्रमांक तुमच्या फोनमध्ये उरतो. त्यांनी दाखवलेला क्यूआर कोड कोपऱ्यावरच्या टपरीचा असला तरी तपासाला तिथून सुरुवात करता येते.

पुरावा: काय टिकतं आणि काय पुसलं जातं

डॅशकॅम असेल तर फार उपयोग होतो, पण त्याची मर्यादा समजून घ्या. पुढचा कॅमेरा तुमचं मागचं डावं दार दाखवत नाही. ठोका बसला तो क्षण चित्रात सहसा येतच नाही. येतो तो आवाज, आणि मग दोन-तीन सेकंदांत पुढे जाणारी दुचाकी. त्यावर व्यवस्थित बसलेला, दोन्ही पाय फूटरेस्टवर असलेला तो ‘पाय मोडलेला’ माणूस दिसला तर आणखी काय हवं? म्हणून डॅशकॅमचा आवाज बंद ठेवू नका.

दुसरी अडचण अशी की हे कॅमेरे एक-दोन-तीन मिनिटांचे तुकडे साठवतात आणि कार्ड भरलं की सगळ्यात जुने पुसत जातात. मोठा धक्का बसला तर कॅमेरा तो तुकडा आपोआप राखून ठेवतो. पण हाताच्या थापेचा धक्का इतका बारीक असतो की कॅमेऱ्याला तो जाणवतच नाही. राखून ठेवायचं बटण तुम्हालाच दाबावं लागतं. ते कुठे आहे हे आधी शोधून ठेवा. घरी आल्यावर मेमरी कार्डच काढून वेगळं ठेवा आणि गाडीत दुसरं घाला. मूळ कार्ड पोलिसांना आणि पुढे कोर्टाला जास्त उपयोगी पडतं, व्हॉट्सअॅपवर फिरलेला व्हिडिओ त्यामानाने कमी.

डॅशकॅम नसेल तर फोन डॅशबोर्डवर टेकवून चित्रण सुरू ठेवा. तोंडासमोर धरून ‘रेकॉर्ड करतोय हां’ म्हणणं टाळा, त्याने माणूस चवताळतो.

गाडी धुवू नका! हे मी दर वेळी सांगतो आणि दर वेळी कोणीतरी धुऊन आणतं. सुटका झाली की सुरक्षित जागी, दिवसाउजेडी, गाडीच्या चारही बाजूंचे आणि लागल्याच्या जागेचे फोटो घ्या. फोटोत फूटपट्टी किंवा टेप उभी धरा, जमिनीपासूनची उंची कळली पाहिजे. आम्ही सर्व्हेअर पहिल्यांदा उंचीच बघतो. मोटारसायकलची दांडी जमिनीपासून तीन फुटांच्या जरा वर असते आणि फूटरेस्ट साधारण फूटभर उंचीवर. खरी घासाघीस झाली तर त्या उंचीला आडवी, लांबट रेघ उमटते, एका गाडीचा रंग दुसऱ्या गाडीला लागतो आणि उघडा पडलेला पत्रा किंवा प्लास्टिक ताजं, चकचकीत दिसतं. जुन्या ओरखड्यात मळ बसलेला असतो, पत्र्यावर तांबूस गंज धरलेला असतो. मोबाईलचंही तसंच. आत्ता फुटलेल्या काचेच्या कडा धारदार आणि स्वच्छ असतात. महिनाभर खिशात फिरलेल्या फुटक्या काचेच्या भेगांत काळी धूळ जाते.

हे सगळं मी तक्रारीसाठी सांगतोय, रस्त्यावर वाद घालण्यासाठी नाही. दुखापतीच्या बाबतीत तर अशी पारख करूच नका. बाहेरून काही न दिसता आत हाड मोडलेलं असू शकतं. ते ठरवणं डॉक्टरांचं काम.

जवळच्या दुकानांचे, सोसायट्यांचे कॅमेरे लक्षात ठेवा आणि तक्रारीत त्यांची नावं घाला. त्यातलं चित्रण काही दिवसांतच पुसलं जातं, म्हणून तक्रार त्याच दिवशी.

तक्रार देताना

मामांनी तक्रार दिली ती दुसऱ्या दिवशी, माझ्या आग्रहाखातर. त्यांचं म्हणणं होतं, “मीच माझ्या हाताने पैसे दिले, आता कसली तक्रार?” असं अनेकांना वाटतं. भीती दाखवून पैसे काढून घेणं ही खंडणी आहे, भले पैसे तुम्ही स्वतःच्या हाताने दिलेले असोत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम ३०८ मध्ये येतं आणि त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. खोटा बनाव करून पैसे घेणं ही कलम ३१८ प्रमाणे फसवणूक, आणि गाडी आडवी लावून रोखून धरणं हा कलम १२६ खाली येणारा बेकायदा अटकाव. कोणतं कलम लावायचं ते पोलीस ठरवतात. तुम्ही घटना क्रमाने आणि वेळेसह लिहून द्या.

अर्जात ‘माझी फसवणूक झाली’ एवढंच लिहिलं तर तो अर्ज नुसता अर्जच राहतो. कुठे अडवलं, कोण काय म्हणालं, कशाची धमकी दिली, किती मागितले, किती घेतले, रोख की ऑनलाइन, एटीएम कुठलं, पैसे काढल्याची वेळ काय, हे सगळं घाला. मामांच्या बाबतीत एटीएमची वेळ बँकेच्या संदेशातच होती आणि त्या एटीएमच्या आत कॅमेरा होता. तो तिसरा समंजस माणूस मामांच्या शेजारीच उभा होता, त्यामुळे त्याचा चेहरा तपासाला मिळाला.

घटना दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत घडली म्हणून तुम्हाला परत पाठवता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द कोणतीही असली तरी घ्यावी लागते आणि एफआयआरची प्रत तुम्हाला मोफत मिळते. ऑनलाइन खबर दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. ठाण्यात नोंद घ्यायला नकार मिळाला तर तोच मजकूर लेखी, टपालाने, पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येतो. शहरात तो आयुक्तालयात वरिष्ठांकडे द्या. पैसे दिले नसतील तरीही घटनेची नोंद करा. उद्या त्यांनीच ‘धडक देऊन गेला’ अशी तक्रार केली, तर तुमचा ११२ वरचा कॉल आणि तुमची नोंद आधीच्या वेळेची असते.

दुचाकीचा नंबर मिळाला असेल तर सरकारी mParivahan अॅपवर टाकून बघा. गाडीचा प्रकार आणि विम्याची मुदत दिसते. नंबर स्कूटरचा आणि समोर होती मोटारसायकल, असं निघालं तर तेही तक्रारीत लिहा. गाडीमालकाचा शोध घेत स्वतः जाऊ नका.

आणि खरंच आपलीच चूक असेल तर

असंही होतं. वळताना आपलाच अंदाज चुकतो, समोरच्याचा इंडिकेटर फुटतो, आपल्याला कळतं की चूक आपली. नुकसान किरकोळ आहे, कोणाला लागलेलं नाही आणि दोघांनाही तिथेच मिटवायचं आहे, तर वाहतूक पोलिसासमोर किंवा चौकीत मिटवा. साध्या कागदावर तारीख, वेळ, दोन्ही गाड्यांचे नंबर, रक्कम आणि ‘यापुढे तक्रार नाही’ एवढं लिहून दोघांच्या सह्या घ्या आणि पैसे यूपीआयने द्या. असे पैसे दिल्यावर विम्याकडून परत मिळतील ही अपेक्षा ठेवू नका. ती अट मघाशी सांगितलीच. कोणाला थोडं जरी लागलं असेल तर कागदावर मिटवायच्या भानगडीत पडू नका, पोलीस आणि विमा कंपनी दोघांनाही कळवा. जखमीला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे भरपाई मागता येते आणि ती तुमच्या वतीने विमा कंपनी देते. त्याच्या हक्काचे पैसे त्याला तिथून मिळतात, रस्त्यावरच्या पाच हजारांपेक्षा नक्कीच जास्त.

दहा दिवसांनी येणारा फोन

मामांनी त्या गोंधळात आपला नंबरही देऊन टाकला होता. दहाव्या दिवशी फोन आला: “काका, पोराच्या पायात रॉड टाकायचाय, चाळीस हजार लागतायत.” एकदा पैसे निघाले की असा दुसरा फोन येऊ शकतो, हे गृहीत धरून राहा. मामांनी या वेळी मी लिहून दिलेला कागद समोर धरला आणि वाचला: “कोणत्या रुग्णालयात दाखल आहे? तिथे अपघाताची एमएलसी, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर नोंद झाली असेल, तिचा नंबर द्या. तो मी पोलिसांना आणि विमा कंपनीला देतो, पुढचं ते बघतील.” पलीकडून शिव्या आल्या आणि फोन बंद झाला. मामांनी तो नंबर आणि फोनची वेळ दुसऱ्या दिवशी तपास अधिकाऱ्यांना लिहून दिली. वाचलेला कागद आता त्यांच्या गाडीच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये आहे. त्याच्या वरच्या बाजूला त्यांनी स्वतःच्या अक्षरात मोठं ‘११२’ लिहिलंय आणि खाली: ‘इंजिन चालू. दार बंद. उतरायचं नाही.’